विकून झालेल्या बाटलीवरचं एक वाक्य

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज मला जे सांगायचं आहे ते माझ्याच हातून झालेल्या चुकीबद्दल आहे. मी मध विकते. सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारे काही शेतकरी आहेत, त्यांच्याकडून मध घ्यायचा, गाळायचा, बाटल्या भरायच्या आणि ऑनलाइन विकायच्या, असं घरगुती स्वरूपाचं काम. मध चांगला होता, आजही आहे. चूक मधात नव्हती. त्याच्या माहितीत मी एक वाक्य लिहिलं होतं, ते चुकीचं होतं.

वाक्य असं होतं: "बाळगुटीसाठी उत्तम. लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांसाठी."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना यात काही वावगं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला मध चाटवतात, गुटी मधात उगाळतात. आमच्या घरातही तसंच झालेलं. म्हणून मी ते सहज लिहिलं.

मग एके दिवशी दुपारी एका बाईंचा मेसेज आला. "ताई, बाळ चार महिन्यांचं आहे. रोज किती द्यायचा?" उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबले. 'किती' याचं उत्तर मला खरंच माहीत नव्हतं. माझी एक मैत्रीण बालरोगतज्ज्ञ आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, "किती काय किती? एक वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही. तू असं कुठे लिहिलंयस का?"

लिहिलं होतं. चौदा महिने ते वाक्य लोक वाचत होते.

मध आणि एक वर्षाखालचं बाळ

आधी कारण नीट समजून घेऊ. कारण पुढे ग्राहकांना काय कळवायचं, कुणाला कळवायचं, हे सगळं त्या कारणावरून ठरतं.

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा एक जिवाणू मातीत, धुळीत असतो. प्रतिकूल परिस्थितीत तो बीजाणूच्या रूपात राहतो, म्हणजे कडक कवचातल्या झोपलेल्या बीसारखा. हे बीजाणू मधात येऊ शकतात. मध शुद्ध आहे की भेसळीचा, कच्चा आहे की गरम करून गाळलेला, याने फरक पडत नाही. घरच्या उकळण्याला हे बीजाणू दाद देत नाहीत. ते मारायला दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते, आणि तेवढं तापवल्यावर मध मध राहणार नाही.

तुम्ही आम्ही तो मध खाल्ला तर काही होत नाही. आपल्या आतड्यात इतर जिवाणूंची दाट वस्ती असते, त्यात या बीजाणूला उगवायला जागा मिळत नाही. वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून पुरती बसलेली नसते. तिथे बीजाणू उगवतो, वाढतो आणि विष तयार करतो. ते विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं. बाळ ढिलं पडतं. या आजाराला शिशु-बॉट्युलिझम म्हणतात. तो १९७६ साली अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मधाशी त्याचा संबंध लक्षात आला.

आजार दुर्मीळ आहे. ज्यांनी मध चाटला त्यातली बहुतेक बाळं ठणठणीत असतात, म्हणून तर आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना तो दिसला नाही. पण ज्याला होतो त्याला श्वास घेणंही जड जाऊ शकतं, आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावं लागतं. दुर्मीळ पण गंभीर, हे दोन्ही शब्द ग्राहकांना सांगताना जपून वापरायला लागतात. फक्त 'दुर्मीळ' म्हटलं तर लोक दुर्लक्ष करतात, फक्त 'गंभीर' म्हटलं तर घाबरतात.

पहिलं काम: विक्री थांबवणं

मी फोन ठेवला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. पहिली इच्छा काय झाली माहितीये? गुपचूप ते वाक्य पुसून टाकावं. मैत्रिणीने त्याच फोनवर सांगितलं होतं, "पुसू नकोस आधी. आधी विकणं बंद कर." बरोबर होतं. मजकूर बदलायला वेळ लागतो. मोठ्या विक्री साइटवर केलेला बदल तपासणीतून जातो, कधी काही तास, कधी दिवसभर. तोवर जुनं वाक्य दिसत राहतं आणि ऑर्डरी येत राहतात. साठा शून्य करणं मात्र लगेच होतं.

इथे दुसरा मोह असतो तो लिस्टिंगच काढून टाकायचा. काढू नका. जुना ग्राहक आपल्या ऑर्डरींच्या यादीतून त्याच पानावर परत येतो. पान नाहीसं केलं तर दुरुस्ती वाचायला त्याला जागाच उरत नाही. नवीन लिस्टिंग उघडून कोऱ्या पाटीने सुरुवात केली, तर ज्यांच्या घरात बाटली आहे त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नाही.

मग वाटेत असलेली पार्सलं. त्या दिवशी तीन होती. ती परत बोलावली नाहीत, कारण मध खराब नव्हता. तिघांनाही पार्सल हातात पडायच्या आधी फोन केला.

ते वाक्य कुठे कुठे गेलं होतं

मला वाटलं होतं, एका ठिकाणी लिहिलंय, एका ठिकाणी बदलू. वही घेऊन बसले तेव्हा नऊ जागा निघाल्या. सगळ्या सांगत नाही, पण ज्या हमखास नजरेतून सुटतात त्या सांगते.

पहिली जागा फोटो. वर्णनातलं वाक्य मी बदललं, पण तिसऱ्या फोटोवर तीच ओळ सुंदर अक्षरात छापलेली होती, शेजारी बाळाचं चित्र. लोक वर्णन वाचत नाहीत, फोटो बघतात. चित्रातला मजकूर शोधून सापडत नाही, तो डोळ्यांनीच बघावा लागतो.

दुसरी जागा, ग्राहकाला न दिसणारे शोधशब्द. विक्रेत्याच्या बाजूने आपण लिस्टिंगला शब्द जोडतो, कुणी काय शोधलं की आपला माल दिसावा यासाठी. मी तिथे 'बेबी हनी', 'बाळगुटी मध' असे शब्द घातले होते. म्हणजे वर्णन दुरुस्त केल्यावरही तान्ह्या बाळाची आईच शोधत शोधत माझ्या पानावर येत राहिली असती. ते शब्द काढले.

तिसरी जागा माझी जुनी उत्तरं. पानावर खाली ग्राहकांचे प्रश्न असतात. सात महिन्यांपूर्वी कुणीतरी विचारलं होतं, "सहा महिन्यांच्या बाळाला चालेल का?" आणि मी लिहिलं होतं, "हो, नक्की चालेल." हे वाचताना पोटात खड्डा पडला. मूळ वाक्यात निदान 'गुटीसाठी' असं मोघम होतं. हे तर सरळ सरळ सांगणं होतं.

चौथी जागा माझ्या हातात नव्हती. एका आईचा अभिप्राय, पाच तारे: "माझ्या तीन महिन्यांच्या मुलीला रोज देते, खूप छान." तो सगळ्यात वर होता. ग्राहकाचा अभिप्राय विक्रेत्याला पुसता येत नाही, आणि येऊही नये. मी त्याखाली उत्तर लिहिलं, की ही आमची चूक होती, एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका, आणि साइटलाही तो अभिप्राय सुरक्षिततेच्या कारणासाठी कळवला.

याशिवाय व्हॉट्सॲपचा कॅटलॉग, प्रदर्शनात वाटलेलं माहितीपत्रक, आणि बाळंतिणीसाठीचा जोडसंच, ज्यात डिंकलाडवांबरोबर हीच बाटली जायची. त्या संचात मी काही लिहिलं नव्हतं. पण बाळंतिणीच्या भेटवस्तूत मध ठेवणं हीच एक सूचना झाली की.

बदल झाल्यावर तपासायचं कसं? स्वतःच्या खात्यातून बघू नका, तिथे कधी कधी आपण जतन केलेलंच दिसतं, बाहेर अजून जुनं असतं. मी शेजारच्या मुलाच्या फोनवरून, खात्यात न शिरता पान उघडलं. त्या रात्री वर्णन नवं आणि फोटो जुना असं दिसलं. फोटो दुसऱ्या दिवशी दुपारी बदलला. म्हणून विक्री आधी थांबवली होती.

नवं वाक्य असं केलं: "एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये." आणि त्याच्या खाली: "अमुक तारखेपर्यंत या पानावर बाळगुटीसाठी वापरा असं लिहिलं होतं. ते चूक होतं." ही दुसरी ओळ लिहायला जड जाते. पण ती नसेल तर जुना ग्राहक पान बघून म्हणतो, ठीक आहे, सगळेच असं लिहितात. आधी वाचलेलं आता खोटं ठरलं आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही.

कुणाला कळवायचं

आता यादी. कुठपासूनचे ग्राहक घ्यायचे? नियम सोपा आहे: चुकीचं वाक्य लागलं त्या दिवसापासून ते काढलं त्या दिवसापर्यंतचे सगळे. ते वाक्य कधी लागलं हे मला आठवत नव्हतं. साइटवर बदलांचा इतिहास सापडला नाही. शेवटी फोनमध्ये त्या तिसऱ्या फोटोची मूळ फाइल सापडली, तिच्यावर तारीख होती. त्यावरून चौदा महिने निघाले.

एवढ्या जुन्या ग्राहकांना कळवून काय उपयोग, असं मला एकाने विचारलं. बाटली संपली असेल की. इथे मालाचा स्वभाव बघावा लागतो. दही असतं तर आठवड्याचा प्रश्न होता. मध वर्षानुवर्षं टिकतो, फडताळात मागे पडून राहतो. आणि चौदा महिन्यांपूर्वी ज्या घरात बाळ नव्हतं, तिथे आता असू शकतं. ते वाक्यही लोकांच्या डोक्यात राहिलेलं असतं. दुसऱ्या कंपनीचा मध आणून ते माझ्याच वाक्यानुसार बाळाला देऊ शकतात.

एकूण ३८८ बाटल्या निघाल्या. २३१ साइटवरून, ११२ व्हॉट्सॲपवरून, ४५ एका दुकानात ठेवलेल्या. प्रदर्शनात रोखीने विकल्या त्यांची तर नोंदच नव्हती.

सगळ्यांना एकदम कळवणं शक्य नव्हतं, म्हणून आधी कुठल्या घरात बाळ असण्याची खूण आहे ते शोधलं. जोडसंच घेणारे, भेटचिठ्ठीवर 'बारशानिमित्त' लिहिणारे, बाळाबद्दल विचारलेले. असे सव्वीस जण निघाले. त्यांना त्याच संध्याकाळी फोन केले, पहिला फोन अर्थातच 'किती द्यायचा' विचारणाऱ्या बाईंना. त्यांनी अजून दिला नव्हता.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करून एका झटक्यात पाठवावं असं वाटतं. पण ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे. एकदाच ऑर्डर दिलेला ग्राहक कशाला साठवेल? म्हणून एकेकाला पाठवलं. दोन दिवसांत ९७ जणांचं उत्तर आलं किंवा वाचल्याची खूण दिसली. उरलेल्या पंधरांना फोन केले, अकरा लागले. चार राहिले ते राहिले.

साइटवरचं अवघड होतं. तिथे ग्राहकाचा नंबर आपल्याला मिळत नाही, आणि ऑर्डरनंतर ठरावीक काळापर्यंतच संदेश पाठवता येतो. साठ जणांना थेट पाठवता आला. बाकी १७१ जणांसाठी साइटच्या विक्रेता-मदत विभागाला लिहिलं: कुठलं उत्पादन, कुठल्या तारखांमधल्या ऑर्डरी, नेमका धोका काय, आणि ग्राहकांना पाठवायचा मजकूर तयार करून सोबत. दोनदा साचेबद्ध उत्तर आलं. तिसऱ्यांदा विषयातच 'तान्ह्या बाळांच्या सुरक्षिततेचा प्रश्न' असं लिहिलं. नवव्या दिवशी त्यांनी संदेश पाठवला.

दुकानात १७ बाटल्या शिल्लक होत्या, त्यांवर चिकटपट्टी लावली. गेलेल्या २८ बाटल्यांसाठी गल्ल्याजवळ, डोळ्यांच्या उंचीवर एक कागद लावला. दुकानदाराने स्वतः नऊ नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं आठवून सांगितली.

निरोप कसा लिहायचा

माझा पहिला मसुदा ऐका: "प्रिय ग्राहक, आपल्या आरोग्याची काळजी हेच आमचं ध्येय. आमच्या उत्पादनाच्या वापराविषयीची माहिती अद्ययावत केली आहे. कृपया पान पाहावे." मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, "हे वाचून मी पुढच्या मेसेजकडे जाईन. दिवाळीची ऑफर वाटते."

मग दोघींनी मिळून हा लिहिला:

"महत्त्वाचं: एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका. तुम्ही आमच्याकडून मध घेतला आहे. त्याच्या माहितीत 'बाळगुटीसाठी उत्तम' असं आम्ही लिहिलं होतं, ते चूक होतं. मध क्वचित लहान बाळांना गंभीर आजार करू शकतो. घरात एक वर्षाखालचं बाळ असेल तर मध देणं लगेच थांबवा. बाळ नीट असेल तर वेगळं काही करायची गरज नाही, पण शेवटचा मध दिल्यापासून महिनाभर लक्ष ठेवा. शौचाला न होणं, दूध ओढायला जड जाणं, रडणं क्षीण होणं, पापण्या उतरणं किंवा मान ढिली पडणं, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि मध दिला होता हे सांगा. एक वर्षावरील मुलं आणि मोठी माणसं हा मध खाऊ शकतात. बाटली कुणाला भेट दिली असेल तर हा निरोप त्यांना पाठवा."

खाली माझं नाव आणि फोन नंबर. हाच मजकूर हिंदीत आणि इंग्रजीतही केला.

यात तीन गोष्टी बघा. काय करायचं ते पहिल्या ओळीत आहे, कारण फोनवर सूचना येते तेव्हा तेवढंच दिसतं. महिनाभर का, तर मध पोटात गेल्यापासून साधारण तीन ते तीस दिवसांत लक्षणं दिसू शकतात. आणि डॉक्टरांना मधाबद्दल सांगा असं मुद्दाम लिहिलं, कारण सुरुवातीला नुसती बद्धकोष्ठता असते, आपणहून कुणाच्या मनात मध येत नाही.

उत्तरं काय आली

बहुतेकांनी अंगठा दाखवला. काहींनी पैसे मागितले, ते देऊन टाकले. एक आजी फोनवर तापल्या. "आमच्या चार पिढ्या मधावर वाढल्या, तू कोण शहाणी?" मी वाद घातला नाही. म्हटलं, "आजी, तुमचं खरं आहे, बहुतेक बाळांना काही होत नाही. पण कुणाला होईल हे आधी कळत नाही. मी लिहिलं होतं म्हणून मलाच सांगायला हवं." त्यांनी फोन ठेवला. तासाभराने सुनेचा मेसेज आला: "बाटली वरच्या फळीवर ठेवली."

दोन प्रश्न वारंवार आले. एक, बाळंतिणीने स्वतः मध खाल्ला तर? चालतो, तिच्या दुधातून बीजाणू जात नाहीत. स्तनाला लावून मात्र देऊ नये. दुसरा, मग गुटी कशात उगाळायची? इथे मी सांभाळले. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं असा वैद्यकीय सल्ला असतो, एवढं सांगितलं आणि पुढचं तुमच्या डॉक्टरांना विचारा म्हटलं. एक चुकीची सूचना मागे घेताना घाईत दुसरी देऊन बसायचं नव्हतं.

एका आईने सांगितलं, पाच महिन्यांच्या मुलाला पंधरा दिवस मध दिलाय आणि तीन दिवस शी झालेली नाही. मी म्हटलं, आत्ता निघा. ती संध्याकाळ मी कशी काढली ते मलाच ठाऊक. रात्री तिचा फोन आला. डॉक्टरांनी तपासलं, मूल दूध जोरात ओढतंय, मान धरतंय, काळजीचं कारण नाही म्हणाले. पुढचे दोन आठवडे मी दर तिसऱ्या दिवशी विचारत राहिले.

सभागृहातले दोन प्रश्न

*चूक लेखी कबूल केली तर ती आपल्याविरुद्ध वापरली जाणार नाही का?*

ही भीती मलाही होती. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचा. नुकसान टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसणं किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा नसणं, हे त्याच्या कलम ८४ मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीचं एक कारणच आहे. म्हणजे जबाबदारी चुकीच्या वाक्याबरोबर आधीच आलेली असते. मी सगळ्याची वही ठेवली आहे: कुणाला, कधी, कसं कळवलं, काय उत्तर आलं. तुमच्या प्रकरणात बाळाला इजा झालेली असेल तर मात्र वकिलाला विचारा. पण कळवणं त्यासाठी थांबवू नका.

*विक्री पुन्हा कधी सुरू केली?*

बाराव्या दिवशी. नऊही जागा बाहेरच्या फोनवरून दोनदा तपासल्या, बाटलीवर नवं लेबल आलं आणि साइटचा संदेश गेला, त्यानंतर. प्रदर्शनातले ग्राहक आणि ते चार फोन अजून माझ्या वहीत उघडेच आहेत. यंदा त्याच प्रदर्शनात टेबल घेतलं तेव्हा पाटीवर सगळ्यात वर मधाचा भाव नाही लिहिला. लिहिलं, "गेल्या वर्षी आमच्याकडून मध घेतला असेल तर एक मिनिट थांबा." सहा जण थांबले.